नाकाची मापं आणि पाच चिंचोके

‘माझ्या आईचा रंग काळा. अंगकाठी बारीक. कपाळावर गोंदण, गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. हातापायांना भेगा. अंगावर विटलेलं लुगडं.’ एवढं वाचून तो थांबला आणि वही मिटून म्हणाला, ‘पुढं गोष्ट चांगली आहे, पण सुरुवात जमली नाही वाटतं.’

चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाच्या आवारात, कन्नेमारा ग्रंथालयाच्या बाजूच्या सावलीत आम्ही सहा-सात मराठी माणसं महिन्यातून एका रविवारी बसतो. कुणी बँकेत, कुणी आयटीत, दोघं संशोधन करतात. जवळपास सगळेच घरातले पहिले पदवीधर. लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचं, एवढाच कार्यक्रम. हा मुलगा बीड जिल्ह्यातला, आईबाप ऊसतोड कामगार. तो स्वतः ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. आईवर कथा लिहितोय.

मी त्याला विचारलं, ‘हे वाचून तुझी आई मला रस्त्यात भेटली तर मी ओळखीन का?’ तो हसला. म्हणाला, ‘आमच्या तांड्यावरच्या पन्नास बायका अशाच दिसतात.’ त्याच्या पहिल्या परिच्छेदाची अडचण त्यानं स्वतःच सांगून टाकली होती. त्यानं आईचं वर्णन केलंच नव्हतं. एका वर्गाचं, एका जातीचं, एका कामाचं वर्णन केलं होतं आणि त्याला ‘माझी आई’ असं नाव दिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर लेखनाच्या कार्यशाळेतली नेहमीची शिकवण झाली. पात्राच्या दिसण्याची यादी देऊ नका, त्याला काहीतरी करताना दाखवा. खरंच आहे, ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडते. पण आपल्यासाठी ती नुसती कारागिरीची बाब नाही असं माझं मत आहे. त्याचं कारण आम्ही बसलो होतो तिथून शंभर पावलांवर होतं.

मद्रासच्या या संग्रहालयाची स्थापना 1851 सालची. 1885 पासून 1908 पर्यंत एडगर थर्स्टन नावाचा इंग्रज अधिकारी त्याचा प्रमुख होता. दक्षिणेतल्या जातीजमातींची मापं घेणं हे त्यानं आपलं काम मानलं होतं. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, उंची आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाक. नाकाची रुंदी त्याच्या उंचीनं भागायची आणि शंभरानं गुणायचं. उत्तर सत्तरच्या खाली आलं तर नाक अरुंद, पंच्याऐंशीच्या वर गेलं तर रुंद. त्याच काळात हर्बर्ट रिस्ले हा दुसरा अधिकारी सांगत होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. थर्स्टनचं सगळं काम 1909 साली ‘कास्ट्स अँड ट्राइब्ज ऑफ सदर्न इंडिया’ या नावानं सात खंडांत छापून आलं. त्यात एकेका जातीपुढं रंग, केस, नाक, उंची, गोंदण, दागिने अशा नोंदी आहेत. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या याच प्रकारच्या आकड्यांचा आधार घेऊन दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. मोजणाऱ्यांच्याच फुटपट्टीनं मोजणाऱ्यांचा सिद्धांत खोडला. पण तो वेगळा विषय.

माझा विषय आहे त्या खंडांच्या प्रस्तावनेतली एक हकीकत. थर्स्टन वायनाडमध्ये पणियन जमातीच्या वस्तीत गेला, तेव्हा तिथल्या बाया पळून गेल्या. त्यांना वाटलं, हा साहेब आपल्यातल्या चांगल्या चांगल्या निवडून, पेंढा भरून, मद्रासच्या संग्रहालयात ठेवणार. थर्स्टननं ही गोष्ट गमतीनं लिहिली आहे. मला ती वाचताना कधीच हसू आलं नाही. त्या बायांचा अंदाज चुकलाही नव्हता फारसा. पेंढा तेवढा भरला नाही. पण इथं बघायची गोष्ट ही की मापांच्या त्या एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यात त्या बाया माणसं म्हणून माझ्या लक्षात राहिल्या, त्या एका क्रियापदामुळं. त्या पळाल्या. त्यांनी बघणाऱ्याला बघितलं, त्याच्याबद्दल एक मत बनवलं आणि त्या मतानुसार वागल्या. त्यांची नाकं किती रुंद होती ते मी वाचलंही असेल, पण आठवत नाही.

यादी आणि कृती यांच्यातला फरक हा असा आहे. यादीत पात्र स्थिर उभं असतं आणि दुसरं कुणीतरी त्याच्याकडं बघत असतं. कृतीत पात्र जगाकडं बघतं आणि काहीतरी ठरवतं. आपल्या माणसांना उभं करून त्यांच्याकडं बघण्याचं काम जनगणनेनं केलं, पोलिसांनी केलं, लग्नाच्या जाहिराती आजही करतात. मराठी कथा-कादंबऱ्यांतली केतकी वर्णाची, चाफेकळी नाकाची नायिका त्याच फुटपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. मग आपण आपल्या आईची ओळख करून देताना तीच फुटपट्टी हातात का घ्यायची, फक्त आकडे उलटे टाकून?

यावर आमच्यातली एक मैत्रीण ताडकन म्हणाली, ‘पण आमचे काळे रंग, भेगाळलेले पाय साहित्यात होतेच कुठं? ते लिहिणं हाच तर विद्रोह होता.’ तिचं म्हणणं मला पटतं. रंग लिहू नये असं मी म्हणतच नाही. प्रश्न एवढाच की पहिल्या परिच्छेदात वाचकाच्या हाती आधी काय द्यायचं. अण्णाभाऊ साठेंची ‘स्मशानातील सोनं’ बघा. कथेच्या सुरुवातीलाच शेजारच्या गावात एक सावकार मेल्याची बातमी येते आणि ती ऐकून भीमाला आनंद होतो. मरणाची बातमी आणि आनंद! वाचक तिथंच अडकतो. हा कसला माणूस? त्याला आनंद का व्हावा? भीमाचं दांडगं शरीर अण्णाभाऊ नंतर दाखवतात आणि चांगलं सविस्तर दाखवतात. पण तोवर ते शरीर कशासाठी लागणार आहे याची धास्ती आपल्या मनात बसलेली असते, म्हणून ते वर्णन वाचताना कंटाळा येत नाही. अण्णाभाऊ शाहीर होते. पोवाड्यात नायकाच्या रूपाची लांबलचक स्तुती चालते, डफाच्या तालावर ती रंगतेही. पण गद्य कथा लिहिताना त्यांनी ते केलं नाही. ही समज त्यांना कुठल्या अमेरिकन कार्यशाळेतून आली नव्हती.

चेन्नईत राहून या विषयावर बोलायचं आणि सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, असं होऊच शकत नाही. तमिळ सिनेमात नायकाची ‘एन्ट्री’ हे एक स्वतंत्र शास्त्रच आहे. आधी बूट, मग हात, मग गॉगल, मग वळणारा चेहरा, तोवर थिएटरात कागदाचे तुकडे उडालेले असतात. म्हणजे ही दिसण्याची यादीच, फक्त कॅमेऱ्यानं केलेली. 2016 च्या जुलैमध्ये पा. रंजित यांचा ‘कबाली’ आला. रजनीकांत पहिल्यांदा दिसतात ते मलेशियाच्या तुरुंगात, आणि ते एक पुस्तक वाचत बसलेले असतात. पुस्तक आहे वाय. बी. सत्यनारायण यांचं ‘माय फादर बालय्या’. तेलंगणातल्या एका दलित कुटुंबाच्या तीन पिढ्यांची, रेल्वेतल्या कष्टाच्या नोकऱ्यांची आणि शिक्षणासाठी केलेल्या धडपडीची ही कहाणी 2011 साली प्रसिद्ध झाली होती.

ही कृती का जमली, ते नीट बघण्यासारखं आहे. ज्यानं ते मुखपृष्ठ ओळखलं त्याला एका क्षणात कळलं की हा गुंड कुणाच्या बाजूचा आहे आणि सिनेमा कशाबद्दल आहे. पण ज्यानं ओळखलं नाही त्याचंही काही अडलं नाही. त्याला दिसला तो तुरुंगात शांतपणे वाचणारा माणूस, आणि ‘पंचवीस वर्षं आत राहूनही हा मोडलेला नाही’ एवढं त्याला पुरेसं होतं. चांगली कृती अशी दोन पातळ्यांवर चालते. वरची पातळी कुणालाही कळते, खालची ज्याला संदर्भ माहीत आहे त्याला. फक्त खालच्या पातळीवर चालणारी कृती निवडली तर ती आपल्याआपल्यातली खूण होऊन बसते.

शिवाय याच सिनेमात कोट हा मुद्दा आहे. गांधींनी अंगातले कपडे उतरवले आणि आंबेडकरांनी कोट चढवला यातलं राजकारण कबाली बोलून दाखवतो. म्हणजे कपडे, दिसणं, हेही कृती होऊ शकतं, जर ते पात्रानं स्वतः ठरवून केलेलं असेल तर. ‘त्यानं निळा कोट घातला होता’ ही यादी झाली. ‘बाकीचे शर्टावर आले होते, तो एप्रिलच्या उकाड्यात कोट घालून आला आणि मुलाखत संपेपर्यंत त्यानं तो काढला नाही’ ही कृती झाली.

तर त्या मुलाकडं परत येतो.

मी त्याला विचारलं, तुझी आई असं काय करायची जे त्या पन्नास बायकांतली दुसरी कुणी करत नव्हती? तो विचारात पडला. पुढच्या महिन्यात नवा परिच्छेद घेऊन आला. त्यात मुकादम शिवी देतो आणि आई कोयता उगारून त्याच्या अंगावर धावते. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. मी विचारलं, ‘असं झालं होतं?’ म्हणाला, ‘नाही. पण व्हायला पाहिजे होतं ना?’

पहिल्यांदा कृतीकडं वळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही चूक होते, आणि आपल्यात तर जास्तच, कारण आपल्याला आपल्या माणसांना हरलेलं बघवत नाही. पण उचल घेऊन आलेल्या बाईनं मुकादमावर कोयता उगारला तर दुसऱ्या दिवशी काय होईल? उचल फिटलेली नसते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजले जातात, गाव शेकडो किलोमीटर दूर. त्या कृतीची किंमत एवढी मोठी आहे की मग उरलेली सगळी कथा त्या किमतीचीच व्हायला हवी. त्याच्या कथेत दुसऱ्या परिच्छेदापासून आई पुन्हा गुपचूप मोळ्या बांधत होती. म्हणजे पहिल्या परिच्छेदातली बाई आणि पुढची बाई एक नव्हतीच. जी कृती पुढं कथेत खपत नाही, ती खोटी.

मी त्याला मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ची सुरुवात आठवून बघायला सांगितलं. 2018 चा सिनेमा. परियन आणि त्याचे साथीदार शिकारी कुत्र्यांना घेऊन एका डबक्यात उतरलेत. समोरून वरच्या जातीची माणसं येताना दिसतात, तशी ही मंडळी पाण्यातून उठून निघून जातात. मागून आलेले त्या पाण्यात मुततात. इथं नायकाच्या बाजूची पहिली कृती आहे ती निघून जाण्याची. त्यात शौर्य नाही, पण ती खरी आहे, आणि हा माणूस आणखी किती वेळा असा निघून जाणार हा प्रश्न त्यातून उभा राहतो. सगळा सिनेमा मग त्या प्रश्नावर चालतो. ओळख करून देणारी कृती धाडसाचीच असावी असं काही नाही. तिच्यात निवड असली पाहिजे आणि त्या निवडीची काहीतरी किंमत असली पाहिजे, बस्स. याच कारणानं गजर वाजला, तो उठला, चहा घेतला, आरशात बघितलं, ही सुरुवातही चालत नाही. हालचाल आहे, निवड नाही. आणि आरसा तर यादीसाठी शोधलेला चोरदरवाजाच.

मग आम्ही नुसतं बोलत बसलो. फडावर सगळ्यात जास्त भांडण कशावरून व्हायचं, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, खाड्यांवरून. ज्या दिवशी कामावर गेलं नाही तो खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. वही मुकादमाकडं. आईबापाला वाचता येत नाही. मग अगदी सहज, जणू हे काही सांगण्यासारखं नाहीच अशा आवाजात, तो म्हणाला, ‘आई एका डब्यात चिंचोके टाकायची. एका खाड्याला एक.’

आम्ही सगळे त्याच्याकडं बघायला लागलो. तो म्हणाला, ‘काय झालं?’

त्यानं जे नंतर लिहिलं त्यातला पहिला परिच्छेद त्याच्या परवानगीनं इथं देतो.

‘मुकादमानं वही उघडली आणि तुमचे नऊ खाडे म्हणाला. आई कोपीत गेली, तेलाचा रिकामा डबा घेऊन आली आणि त्याच्या वहीवर उपडा केला. पाच चिंचोके पडले. “हे दोन पोराच्या तापाचे,” ती एकेक बोटानं बाजूला सारत म्हणाली. “हा पावसाचा. हा पायाला कोयता लागला त्या दिवसाचा. हा मयताला गेलो त्याचा. आता तुमचे चार दाखवा.” बाप कोपीच्या दारात उभा होता. तो खाली बघत राहिला.’

या परिच्छेदात आईचा रंग नाही, उंची नाही, लुगडं नाही. तरी पायावरची जखम आली आहे, आणि ती भेगांच्या यादीत न येता एका चिंचोक्याच्या रूपात आली आहे. तिला अक्षर येत नाही हे कुठं लिहिलेलं नाही, पण चिंचोक्यांवरून कळतं. तिचा मुकादमावर विश्वास नव्हता, आणि हा अविश्वास कामाच्या पहिल्या दिवसापासूनचा होता, हेही कळतं, कारण डबा भांडणाच्या दिवशी भरता येत नाही. बाप कसा आहे ते एका वाक्यात आलं. आणि सांगणारा स्वतः त्या पाचांतल्या दोन चिंचोक्यांत आहे. आईचे दोन दिवस त्याच्या तापापायी कापले गेले आणि ते तिच्या हिशेबात आहेत, हे ओझं घेऊन तो कथा सांगतोय. मला तर कथेचा खरा विषय तिथंच दिसला.

त्याच्या मसुद्यात शेवटी आणखी एक वाक्य होतं. ‘माझी आई अशिक्षित होती, पण अन्याय सहन करणारी नव्हती.’ हे वाक्य काढण्यावरून आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. त्याला भीती वाटत होती की वाचकाला कळणार नाही. ही भीती मी समजू शकतो. आपलं म्हणणं कुणी नीट ऐकत नाही हा अनुभव घेऊनच आपण मोठे झालो, म्हणून आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो. पण ते वाक्य वाचलं की चिंचोके लहान होतात. डब्यात जे आधीच होतं त्यावर त्यानं चिठ्ठी चिकटवली, जशी संग्रहालयात काचेच्या कपाटावर असते. शेवटी आम्ही एक साधा उपाय केला. आमच्यातल्या एकीच्या खोलीवर राहणाऱ्या मुलीला, जिला ऊसतोडीची काही माहिती नाही, तिला फक्त तो परिच्छेद फोनवर वाचून दाखवला, ते शेवटचं वाक्य सोडून. आणि विचारलं, ही बाई उद्या काय करेल? ती म्हणाली, ‘मुकादमानं पैसे दिले नाहीत तर ती डबा घेऊन त्याच्या वरच्या माणसाकडं जाईल. पण एकटीच जाईल. नवरा नाही येणार.’

त्यानं खिशातून पेन काढून ते वाक्य खोडलं.

हीच परीक्षा मी आता सगळ्यांच्या पहिल्या परिच्छेदाला लावतो, माझ्या स्वतःच्याही. ऐकणाऱ्याला फक्त ती कशी दिसते हे सांगता आलं, तर परिच्छेद अजून संग्रहालयात आहे. ती उद्या काय करेल याचा काहीतरी अंदाज बांधता आला, मग तो चुकीचा का असेना, तर माणूस उभा राहिला. माझी स्वतःची दोन वर्षं जुनी एक कथा या परीक्षेत सपशेल नापास झाली. तिच्यात माझे आजोबा पहिल्या पानभर नुसते दिसत होते. धोतर, काठी, पांढऱ्या मिशा. त्यांनी काय केलं ते चौथ्या पानावर येतं, आणि चौथ्या पानापर्यंत कोण येतंय.

कृतीला एक मर्यादाही आहे, ती सांगून ठेवतो. एकाच परिच्छेदात तीन-तीन बोलक्या कृती घातल्या तर त्यांचीही यादी होते. त्याच्या एका मसुद्यात आई चिंचोके ओतत होती, पोराला पाजत होती आणि शेजारणीला भाकरी देत होती, सगळं एकाच दमात. बाई थोर वाटायला लागली आणि थोर माणसाबद्दल पुढं काय होईल याची कुणाला उत्सुकता नसते. भाकरी त्यानं सातव्या पानावर नेली. तिथं ती चांगली बसली.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्यानं तो परिच्छेद गावी आईला वाचून दाखवला होता. ती सगळं ऐकून घेत होती, मध्ये काही बोलली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘पावसाचे दोन होते. एक लिहिलास तू. सहा पडले होते डब्यातून.’ त्यामुळं आता कथेत सहा चिंचोके आहेत, आणि मुकादमाला दाखवायचे तीनच उरलेत.